'ला' एक, विभक्ती दोन: सहावीच्या वर्गातील विभक्तिप्रत्ययांचा तास

प्रश्न: मी अमरावती जिल्ह्यातल्या एका शाळेत सहावीला मराठी शिकवते. विभक्तीचा तक्ता मुले न चुकता म्हणून दाखवतात, पण वाक्य दिले की 'करून' या शब्दाला पंचमी लिहितात आणि 'ला' दिसला की द्वितीया किंवा चतुर्थी अंदाजाने टाकतात. तास कसा घ्यावा? उदाहरणवाक्ये आणि वर्गीकरणाचा एखादा उपक्रम सांगाल का?

उत्तर:

आपली मुले चुकत आहेत हे खरे, पण ती तक्त्याने शिकवले तसेच वागत आहेत. 'स, ला, ते' आणि 'ऊन, हून' एवढेच हाती असले की मूल शब्दाचे शेवटचे अक्षर पाहते आणि तक्त्यात ते कुठे बसते ते शोधते. 'करून' याच्या शेवटी 'ऊन' ऐकू येते, म्हणून पंचमी. 'ला' तक्त्यात दोन ठिकाणी सापडतो, म्हणून अंदाज. तक्ता चुकीचा नाही, तो आधी येतो ही अडचण आहे. मी गेली अनेक वर्षे तो तासाच्या शेवटी फळ्यावर लिहितो आणि त्याआधी दोन तास केवळ वाक्यांवर घालवतो.

पहिल्या तासाची सुरुवात फळ्यावर पाच शब्द लिहून करावी: दादा, नागपूर, आजी, संत्री, आणली. कोणी, कुठून आणि कोणासाठी संत्री आणली, हे या शब्दांवरून सांगता येत नाही. मुलांना वाक्य पूर्ण करायला सांगितले की बहुतेक जण 'दादाने नागपूरहून आजीला संत्री आणली' असे म्हणतात. मग आपण शांतपणे दुसरे वाक्य त्याखाली लिहावे: 'दादाला नागपूरहून आजीने संत्री आणली.' शब्द तेच, क्रम तोच, क्रियापदही बदललेले नाही. फक्त 'ने' आणि 'ला' यांनी जागा बदलल्या आणि प्रवास आजीला करावा लागला. वाक्यातील नामाचे क्रियापदाशी किंवा दुसऱ्या शब्दाशी असलेले नाते दाखवायला ही अक्षरे लागतात, हे मुलांना येथे दिसते आणि व्याख्या त्यानंतर सांगितली तरी चालते. तिसरा प्रयोग हवा असेल तर 'संत्री आजीला दादाने नागपूरहून आणली' असा क्रम उलटापालटा करून दाखवावा. वाक्य थोडे वेगळे वाटते, पण अर्थ ढळत नाही, कारण नाते क्रमावर नव्हे, प्रत्ययावर अवलंबून आहे.

यानंतर सामान्यरूप. 'करून'च्या चुकीवरचे औषध येथेच आहे, म्हणून या भागाला घाई करू नये. प्रत्यय मूळ शब्दाला जसाच्या तसा चिकटत नाही, आधी शब्द आपले रूप बदलतो. 'घोडा'चे 'घोड्या', 'घर'चे 'घरा', 'भिंत'चे 'भिंती', 'माळ'चे 'माळे', 'ससा'चे 'सशा', 'कापूस'चे 'कापसा'. हे बदललेले रूप म्हणजे सामान्यरूप आणि प्रत्यय त्याला लागतो. 'आजी', 'नदी' यांसारखे काही शब्द एकवचनात बदलत नाहीत आणि गावांची व माणसांची नावेही पुष्कळदा तशीच राहतात. 'नागपूरहून' म्हणतो, पण 'नागपुरात' म्हणताना मात्र शब्द बदलतो आणि 'पू'चा 'पु' होतो. ही विसंगती मुलांच्या लक्षात आली तर ती मान्य करावी, लपवू नये.

सामान्यरूप कळले की मुलांना एक कसोटी देता येते. तिला मी 'सोलून पाहणे' म्हणतो. शंका आलेल्या शब्दाच्या शेवटचा प्रत्यय बोटाने झाकायचा आणि उरलेला भाग एखाद्या नामाचे किंवा सर्वनामाचे सामान्यरूप आहे का, ते तपासायचे. 'शेतात' यातला 'त' झाकला की 'शेता' उरते आणि ते 'शेत' या नामाचे सामान्यरूप आहे, म्हणून येथे प्रत्यय खरा. 'शेत' यातला 'त' झाकला की 'शे' उरते. ते कशाचेच सामान्यरूप नाही, म्हणून तो 'त' शब्दाचाच भाग. 'दुकाने' यातला 'ने' झाकला की 'दुका', 'राजधानी' यातला 'नी' झाकला की 'राजधा'. मुलांना हे फार आवडते आणि ती स्वतःहून असे फसवे शब्द शोधून आणतात. एखादा चतुर विद्यार्थी 'हात' घेऊन येईल आणि 'त' झाकल्यावर 'हा' उरतो, तो शब्द आहे, असा वाद घालील. त्याला सांगावे की 'हा' हे मूळ रूप आहे, त्याचे सामान्यरूप 'या' किंवा 'ह्या' होते आणि सप्तमी 'यात' होते. कसोटी 'शब्द उरतो का' अशी नाही, 'सामान्यरूप उरते का' अशी आहे. 'करून' याला हीच कसोटी लावली तर 'कर' उरते आणि तो धातू आहे, नाम नव्हे. म्हणून तेथे विभक्ती नाही. 'बसला', 'खेळतात' हेही त्याच कारणाने बाहेर पडतात.

आता आपल्या प्रश्नाचा अवघड भाग. आठ विभक्त्यांचा हा सांगाडा संस्कृत व्याकरणातून आला. तेथे द्वितीया 'रामम्' आणि चतुर्थी 'रामाय' अशी रूपे वेगळी असल्यामुळे दोन घरे लागतात. मराठीत दोन्ही ठिकाणी 'रामाला' किंवा 'रामास' होते, पण घरे दोनच राहिली. त्यामुळे द्वितीया आणि चतुर्थी यांतील फरक शब्दाच्या रूपात सापडणारच नाही, तो वाक्यातील नात्यात शोधावा लागतो. हे मुलांना स्पष्ट सांगितले तर त्यांचा निम्मा गोंधळ जातो, कारण तोवर ती 'ला'मध्येच काहीतरी गुपित शोधत असतात.

त्यासाठी दोन वाक्ये शेजारी शेजारी लिहावीत. 'गुराख्याने गाईला ओढ्यावर नेले' आणि 'गुराख्याने गाईला चारा घातला.' पहिल्यात नेण्याची क्रिया थेट गाईवर घडली, म्हणून गाय हे कर्म आणि 'गाईला' ही द्वितीया. दुसऱ्यात घातला तो चारा. गाय ही चारा मिळणारी, म्हणजे संप्रदान, म्हणून 'गाईला' चतुर्थी. मुलांना विचारायला सोपा प्रश्न असा: क्रियापदाला 'काय?' विचारल्यावर वाक्यात 'ला' नसलेला दुसरा शब्द उत्तर म्हणून येतो का? 'काय घातला?' याचे उत्तर 'चारा' असे मिळते, म्हणजे 'ला'चा शब्द चतुर्थीत. 'कोणाला नेले?' याच्या पलीकडे दुसरे काही नेलेले नाही, म्हणजे 'ला'चा शब्द द्वितीयेत. वरच्या इयत्तेत हीच मुले 'गाईला' याला अप्रत्यक्ष कर्म म्हणायला शिकतील. नाते तेच, नाव वेगळे.

या कसोटीला मर्यादा आहेत आणि त्या आपल्याला ठाऊक असाव्यात. 'मला भूक लागली', 'सायलीला गाणे आवडते', 'आम्ही अकोल्याला गेलो', 'बाईंनी मुलांना व्याकरण शिकवले' अशा वाक्यांत देणारा-घेणारा असा सरळ व्यवहार नाही, किंवा दोन कर्मे आहेत, आणि मोठ्या माणसांतही त्यांवर मतभेद होतात. ही वाक्ये सहावीच्या चाचणीत घालू नयेत. कोणी विचारलीच तर वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे आणि ते अवघड का आहे एवढेच सांगावे.

'ने'च्या बाबतीतही दोन नाती एका प्रत्ययात राहतात. 'सुताराने करवतीने फळी कापली' या वाक्यात दोन्ही शब्द तृतीयेत आहेत, पण सुतार कर्ता आहे आणि करवत साधन, म्हणजे करण. मुले विभक्ती बरोबर ओळखतात, पण तक्त्यात तृतीयेसमोर 'करण' लिहिलेले असल्यामुळे सुतारालाही हत्यार ठरवतात. यावर माझा सर्वांत विश्वासू उपाय म्हणजे वाक्य वर्तमानकाळात न्यावे. 'सुतार करवतीने फळी कापतो.' सुताराचा 'ने' गळून पडला आणि करवतीचा टिकला. भूतकाळात सकर्मक क्रियापद असले की कर्त्याला 'ने' लागतो, वर्तमानात तो जातो. साधनाचा 'ने' मात्र काळ बदलला तरी हलत नाही. मुले हा प्रयोग चार-पाच वाक्यांवर स्वतः करून पाहतात, तेव्हा कर्ता आणि कर्त्याची विभक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना न सांगता कळते. 'मी' आणि 'तू' यांना भूतकाळातही 'ने' लागत नाही, म्हणून या प्रयोगासाठी वाक्ये नामांचीच घ्यावीत.

षष्ठीसाठी फार वेळ लागत नाही, कारण 'चा, ची, चे' मुले सहज ओळखतात. एवढे मात्र दाखवावे की हा प्रत्यय क्रियापदाकडे न पाहता पुढच्या नामाकडे पाहतो: आजीचा चष्मा, आजीची काठी, आजीचे घर. पुढच्या नामाला प्रत्यय लागला की 'आजीच्या चष्म्याला' असे 'च्या' होते. पंचमीत 'हून' तुलनेलाही येते, हे एका वाक्यात सांगून पुढे जावे.

दुसऱ्या तासाला वर्गीकरण. साहित्य म्हणून जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे मागचे भाग कापून पट्ट्या कराव्यात आणि प्रत्येक पट्टीवर एक पूर्ण वाक्य लिहून त्यातला एकच शब्द अधोरेखित करावा. सुटे शब्द लिहिण्याचा मोह होतो, कारण वेळ वाचतो, पण सुटा 'गाईला' कोणीही लावू शकत नाही आणि मूल पुन्हा शेवटच्या अक्षराकडे वळते. पाच मुलांचा गट असला तर एका गटाला अठरा पट्ट्या पुरतात. मी वापरतो त्या अशा, अधोरेखित शब्द अवतरणचिन्हांत:

१. गुराख्याने 'गाईला' ओढ्यावर नेले.
२. गुराख्याने 'गाईला' चारा घातला.
३. पोलिसांनी 'चोराला' पकडले.
४. बाईंनी 'मुलांना' खाऊ वाटला.
५. 'सुताराने' फळी कापली.
६. सुताराने 'करवतीने' फळी कापली.
७. नेहाने 'मैत्रिणीशी' गप्पा मारल्या.
८. मामा 'अकोल्याहून' आला.
९. ताई 'घरून' डबा आणते.
१०. आजोबा नातवाचा हात 'धरून' रस्ता ओलांडतात.
११. 'आजीचा' चष्मा सापडला.
१२. 'आजीच्या' चष्म्याला तडा गेला.
१३. 'शेतात' कापूस फुटला.
१४. पावसाने 'शेत' भिजले.
१५. 'घरी' पाहुणे आले.
१६. चौकात नवी 'दुकाने' उघडली.
१७. मुलाने 'दगड' उचलला.
१८. चिमणी 'झाडाखाली' दाणे टिपते.

पहिल्या फेरीत सहा खोके किंवा वर्तमानपत्राचे सहा चौकोन मांडावेत आणि त्यांवर विभक्तीचे नाव न लिहिता फक्त प्रत्यय लिहावेत: 'स, ला, ना'; 'ने, नी, शी'; 'ऊन, हून'; 'चा, ची, चे, च्या'; 'त, ई'; आणि सहाव्यावर 'विभक्तिप्रत्यय नाही'. मुलांनी पट्टी मोठ्याने वाचायची, शब्द सोलून दाखवायचा आणि मग ठेवायची. येथे वाद नवव्या आणि दहाव्या पट्टीवर होतो. 'घरून' आणि 'धरून' यांत अक्षराचा फरक किती लहान, म्हणून मुद्दाम ही जोडी ठेवली आहे. 'घरून' यातला 'ऊन' झाकला की 'घरा' नव्हे, 'घर' उरते, कारण 'ऊन' स्वराने सुरू होतो; पण 'घर' हे नाम आहे आणि 'कुठून आणते?' याचे उत्तर मिळते. 'धरून' यात 'धर' हा धातू आहे. सतरावी पट्टीही भांडण लावते, कारण दगड हे कर्म आहे हे मुलांना कळते आणि ती पट्टी 'ला'च्या खोक्यात जाऊ पाहते. पण तेथे 'ला' दिसतच नाही. निर्जीव कर्माला मराठीत बहुधा प्रत्यय लागत नाही, तो शब्द रूपाने प्रथमेतच राहतो. अठराव्या पट्टीतला 'खाली' हे शब्दयोगी अव्यय आहे. तेही सामान्यरूपाला जोडून येते म्हणून गोंधळ होतो, पण 'खाली' हा स्वतंत्र अर्थ असलेला शब्द आहे, तसा 'त' किंवा 'ला' नाही, हे दाखवून पट्टी सहाव्या खोक्यात टाकावी. अंदाजे वीस मिनिटांत ही फेरी संपते.

दुसऱ्या फेरीत सगळे खोके उघडू नयेत, फक्त पहिले दोन उघडावेत. पहिल्या खोक्यातल्या पट्ट्या 'कर्म' आणि 'मिळणारा' अशा दोन ढिगांत लावायच्या: पहिली व तिसरी एका बाजूला, दुसरी व चौथी दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या खोक्यातल्या पट्ट्या 'कर्ता', 'साधन' आणि 'सोबत' अशा तीन ढिगांत. प्रत्येक पट्टी ठेवताना मुलाने 'काय?' हा प्रश्न विचारून किंवा वाक्य वर्तमानकाळात नेऊन कारण सांगायचे. सगळ्या गटांचे ढीग जुळल्यावरच फळ्यावर तक्ता लिहावा आणि ढिगांना द्वितीया, चतुर्थी, तृतीया अशी नावे द्यावीत. तोवर मुलांनी तक्ता स्वतःच जवळजवळ मांडलेला असतो. 'मुलांनो, रांगेत उभे राहा' असे म्हणून संबोधनाचा 'नो' त्याच वेळी एका मिनिटात सांगता येतो.

एका वर्गात घडलेला प्रसंग सांगतो. एका गटाने चौथी पट्टी कर्माच्या ढिगात ठेवली. कारण विचारल्यावर एक मुलगी म्हणाली, "सर, वाटायचं काम मुलांवरच झालं ना, त्यांनाच तर मिळालं." तिचा तर्क पूर्ण चुकीचा नव्हता, खाऊ वाटण्याचा परिणाम मुलांवर होतोच. मी तिला सांगितले की वाटल्यावर ज्याचे तुकडे झाले ते शोध. ती हसली आणि पट्टी उचलून पलीकडे ठेवली. तेव्हापासून 'क्रिया कोणावर घडली' हा प्रश्न मी एकटा वापरत नाही. तो मुलांना फसवतो आणि 'काय?' फसवत नाही.

लेखनातल्या दोन चुका याच तासांत पकडता येतात. हिंदीत 'राम ने' असे प्रत्यय सुटे लिहितात. ते वाचणारी मुले मराठीतही जागा सोडतात. मराठीत प्रत्यय शब्दाला जोडूनच येतो. दुसरी चूक 'ने' आणि 'नी' यांची. बोलताना आपण सर्रास 'आईनी सांगितलं' म्हणतो, पण लिहिताना एकवचनाला 'आईने' आणि अनेकवचनाला किंवा आदरार्थी उल्लेखाला 'मुलांनी', 'आजोबांनी', 'बाईंनी'. या अनेकवचनी रूपांत सामान्यरूपावर अनुस्वार येतो आणि मुले नेमका तोच गाळतात. तिसऱ्या पट्टीतला 'पोलिसांनी' आणि चौथीतला 'बाईंनी' अधोरेखित नसले तरी वाचून घेताना तेथे थांबावे.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट येईल. वऱ्हाडी बोलणारी मुले 'बैलाले चारा टाकला', 'मले दे' असे म्हणतात. त्यावर लगेच लाल रेघ ओढण्यापेक्षा 'ले' लिहिलेली एक पट्टी पहिल्या खोक्यात घालून द्यावी. घरच्या बोलीतला 'ले' आणि पुस्तकातला 'ला' एकच काम करतात, हे खोके पाहून मुलांना पटते आणि मग परीक्षेत 'ला' लिहायचा हे सांगणे सोपे जाते. शिवाय 'ले'लाही द्वितीया-चतुर्थीची तीच कसोटी लागते: 'बैलाले सोडलं' आणि 'बैलाले चारा टाकला'.

मूल्यमापनासाठी रिकाम्या जागा भरायला देऊ नयेत, त्यात पुन्हा अंदाज चालतो. 'विहीर' हा एक शब्द द्यावा आणि तो तृतीया, षष्ठी व सप्तमीत वापरून तीन वाक्ये लिहायला सांगावीत. 'विहिरीने गावाची तहान भागवली', 'विहिरीचे पाणी गोड आहे', 'विहिरीत कासव आहे' अशी उत्तरे आली पाहिजेत आणि त्यांत 'ही'ची 'हि' झालेली आहे का, तेही तपासावे. चौथे वाक्य मुलांच्या आवडीचे असू द्यावे, पण त्यात 'ला' दोनदा आला पाहिजे, एकदा द्वितीयेचा आणि एकदा चतुर्थीचा. माझ्याकडे एकाने लिहिले होते: 'आईने बाळाला उचलले आणि मला डबा दिला.'